दीडपट तारण आणि शून्याची बोली

मागच्या भागानंतर बेळगावहून एका प्रेक्षकांचा प्रश्न आला. त्यांच्याकडे काही वर्षांपूर्वी घेतलेलं ईथर आहे. घराच्या आगाऊ रकमेसाठी पैसे हवेत, पण ईथर विकायचं नाही, कारण भाव वाढेल अशी त्यांना आशा आहे. मग त्यांनी असा विचार केला की ईथर तारण ठेवून डॉलरच्या नाण्यांत कर्ज काढावं. त्यांचा शेवटचा प्रश्न असा : ‘कर्जाच्या दीडपट तारण आधीच ठेवलेलं असतं. मग बुडण्याचा धोका येतो कुठून?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर एका खऱ्या दिवसात दडलेलं आहे. तो दिवस म्हणजे १२ मार्च २०२०. त्या दिवशी काही लोकांचं दीडपटीहून जास्त तारण अक्षरशः शून्य रकमेला विकलं गेलं. चोरी झाली नव्हती, हॅकिंग झालं नव्हतं, प्रोग्रॅममध्ये नियमाविरुद्ध काही घडलं नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि तरी तसं झालं. ते कसं, हे आज सावकाश पाहू.

सोनेतारण आणि ईथरतारण

सुरुवात ओळखीच्या ठिकाणाहून करू. सोनं गहाण ठेवून कर्ज काढणं आपल्या घराघरांत माहीत आहे. एक लाखाचं सोनं ठेवलं, तर एक लाख मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षे साधारण पंच्याहत्तर टक्क्यांची मर्यादा ठेवली होती. आता लहान रकमांच्या कर्जाला ती थोडी सैल केली आहे. वरचा पंचवीस टक्क्यांचा भाग सावकाराची उशी. सोन्याचा भाव उतरला तरी त्याचे पैसे वसूल व्हावेत म्हणून ती ठेवलेली.

आणि कर्ज थकलं तर? लगेच उद्या सकाळी दागिना विकला जात नाही. कर्जदाराला सूचना द्यावी लागते. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. लिलावाला राखीव किंमत असते, म्हणजे त्याखालची बोली स्वीकारताच येत नाही. देणं वळतं करून जे उरेल ते कर्जदाराला परत करावं लागतं. या चार गोष्टी लक्षात ठेवा : सूचना, वेळ, राखीव किंमत, उरलेलं परत.

क्रिप्टो कर्जात सावकाराच्या जागी एक प्रोग्रॅम असतो. त्याला तुमचं नाव माहीत नाही, पगार माहीत नाही, पत्ता माहीत नाही. तुम्ही कर्ज फेडलं नाही तर तो तुमच्या दारात येऊ शकत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तारण. म्हणून तो कर्जापेक्षा जास्त तारण मागतो, आणि तारणाचा भाव एका ठरावीक रेषेखाली गेला की कुणाला न विचारता ते विकायला काढतो. या रेषेला लिक्विडेशनचा उंबरठा म्हणू. हप्ता चुकला म्हणून तारण विकलं जात नाही, कारण बहुतेक ठिकाणी हप्ताच नसतो. भाव उतरला म्हणून विकलं जातं.

म्हणजे सोनेतारणातल्या चार गोष्टींपैकी सूचना गेली. वेळ जवळजवळ गेला. राहिल्या राखीव किंमत आणि उरलेलं परत मिळणं. त्या दोघींचं काय होतं, ते १२ मार्चला दिसलं.

मेकरचा हिशोब

इथेरियमवर एक प्रणाली आहे, २०२४ पर्यंत तिचं नाव मेकर होतं. तिच्यात तुम्ही ईथर कुलूपबंद करता आणि त्या बदल्यात डाय नावाचं नाणं तयार करून घेता. एक डाय म्हणजे एक डॉलर, असं ते राखण्याचा प्रयत्न असतो. ईथर ज्या खात्यात कुलूपबंद होतं त्याला व्हॉल्ट म्हणतात. आपण तिजोरी म्हणू.

मार्च २०२० मध्ये नियम असा होता की तिजोरीतल्या ईथरची किंमत कर्जाच्या किमान दीडशे टक्के असली पाहिजे. त्याखाली गेली की ईथर लिलावात. आणि दंड तेरा टक्के.

आता एक तिजोरी कल्पनेने उघडू. आकडे सोयीचे घेतो, पण भाव त्या दिवसाचा घेतो. १२ मार्चच्या सकाळी ईथर साधारण १९४ डॉलरला होतं. आपल्या तिजोरीत ५० ईथर आहेत, म्हणजे ९,७०० डॉलरचं तारण. त्यावर ४,८५० डाय कर्ज घेतलं आहे. तारण कर्जाच्या बरोबर दुप्पट. दीडपट पुरेसं असताना दुप्पट ठेवणारा माणूस काही बेफिकीर म्हणता येणार नाही.

उंबरठा कोणत्या भावाला येतो? हा हिशोब ज्याने कर्ज घेतलं आहे त्याला तोंडपाठ हवा :

```
उंबरठ्याचा भाव = कर्ज × १.५ ÷ ईथरची संख्या
               = ४,८५० × १.५ ÷ ५०
               = १४५.५० डॉलर
```

१९४ वरून १४५.५० म्हणजे पंचवीस टक्के घसरण. दुप्पट तारण ऐकायला भक्कम वाटतं, पण भावाच्या भाषेत ते फक्त पंचवीस टक्क्यांचं अंतर आहे. ही पहिली गोष्ट. तारण किती पट आहे हे मनाला धीर देतं. उंबरठा किती टक्के दूर आहे हे खरं सांगतं.

समजा भाव १४० वर आला आणि तिजोरी लिलावात गेली. नियमाप्रमाणे काय व्हायला हवं? कर्ज ४,८५०, त्यावर तेरा टक्के दंड ६३० डाय, एकूण ५,४८० डायची वसुली. १४० च्या भावाने त्यासाठी साधारण ३९ ईथर पुरतात. उरलेले जवळपास ११ ईथर मालकाला परत. शिवाय कर्ज म्हणून घेतलेले ४,८५० डाय त्याच्याकडेच राहतात, ते परत मागितले जात नाहीत, कारण तारणातून वसूल झाले. म्हणजे त्याचा तोटा दंडाएवढा, सहाशेतीस डॉलर. टोचेल, पण माणूस उभा राहील.

लोक हाच हिशोब करून तिजोऱ्या उघडत होते. या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि ती इतकी साधी आहे की कुणी लिहूनही ठेवत नाही. ती अशी की, लिलावाला बोली लावायला माणसं येतील.

बाजारात गिऱ्हाईक नसेल तर

मी बंगळूरच्या यशवंतपूरमध्ये राहतो. इथलं बाजार समितीचं आवार कांदा-बटाट्यासाठी नावाजलेलं आहे आणि आपल्या नाशिक-नगर-सोलापूरकडचा कांदाही तिथे येतो. ज्यांनी कांद्याचा सौदा पाहिला आहे त्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही.

कांद्याचा भाव ठरतो तो आवारात आलेल्या गाड्यांवर जसा, तसाच तिथे उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांवर. रोजच्या एवढ्या गाड्या आल्या, रोजचे व्यापारी हजर आहेत, तर भाव पाच-दहा टक्के इकडेतिकडे. पण समजा एका सकाळी तिप्पट गाड्या आल्या, आणि त्याच सकाळी रस्ता इतका तुंबला की दहातले नऊ व्यापारी आवारापर्यंत पोचलेच नाहीत. आत पोचलेला एकटा व्यापारी काय भाव लावेल? तो वाटेल तो लावेल. कांदा तोच, त्याची चव तीच, शहरात त्याला गिऱ्हाईकही आहे. पण त्या तासाला, त्या आवारात, त्याची किंमत तो एक माणूस ठरवतो.

मात्र कांद्याच्या शेतकऱ्याला भाव पटला नाही तर गाडी फिरवून नेण्याचा पर्याय तरी असतो. तिजोरीतल्या ईथरला तो नव्हता.

१२ मार्चला काय झालं

जगभर कोरोनाची भीती पसरत होती. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ती महासाथ असल्याचं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार कोसळले आणि सोबत क्रिप्टोही. आपल्याकडे तर आठच दिवसांपूर्वी, ४ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं होतं. त्या परिपत्रकामुळे बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देता येत नव्हती. त्यामुळे इथे थोडा उत्साहाचा आठवडा होता, आणि त्यातच हा दिवस आला. ईथर एका दिवसात १९४ च्या आसपासून ११० च्या आसपास आलं. चाळीस टक्क्यांहून जास्त घसरण. दुसऱ्या दिवशी पहाटे काही बाजारांत तर शंभराच्याही खाली टेकून आलं.

आता तीन गोष्टी एकदम झाल्या. त्या वेगवेगळ्या झाल्या असत्या तर निभावलं असतं.

पहिली, रस्ता तुंबला. इथेरियमवर कोणताही व्यवहार करायला शुल्क द्यावं लागतं, त्याला गॅस म्हणतात. जो जास्त गॅस देईल त्याचा व्यवहार आधी. त्या दिवशी प्रत्येकालाच घाई होती : कुणाला विकायचं होतं, कुणाला तिजोरीत आणखी ईथर टाकायचं होतं, कुणाला कर्ज फेडायचं होतं. गॅसचा दर नेहमीच्या दहापटीहून वर गेला. ज्यांनी नेहमीच्या दराने व्यवहार पाठवले, त्यांचे व्यवहार तासन् तास रांगेत पडून राहिले.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. तिजोरी वाचवायला निघालेला मालकही याच रांगेत होता. खिशात पैसे होते, वाचवायची तयारी होती, पण व्यवहार पुढे सरकत नव्हता. ‘वेळ आली तर तारण वाढवू’ हा बेत ज्या दिवशी लागतो, नेमका त्याच दिवशी तो चालत नाही. कारण तो बेत सगळ्यांचाच असतो.

दुसरी, बोली लावणारे गायब झाले. मेकरच्या लिलावात माणसं हाताने बोली लावत नाहीत. त्यासाठी लोकांनी प्रोग्रॅम चालवलेले असतात, त्यांना कीपर म्हणतात. अनेक कीपर ठरावीक गॅसवर लावून ठेवलेले होते. दर चढला तेव्हा त्यांच्या बोल्या पोचल्याच नाहीत. ज्यांच्या पोचत होत्या त्यांच्याकडचे डाय संपले, कारण बोली डायमध्येच लावावी लागते आणि लावलेले पैसे लिलाव संपेपर्यंत अडकून राहतात. बाजारातून डाय आणायचे, तर सगळे तेच शोधत होते. एक डॉलरचं नाणं काही काळ एका डॉलरपेक्षा बरंच महाग झालं.

तिसरी, लिलाव फार छोटा होता. तारण पन्नास-पन्नास ईथरच्या गठ्ठ्यांत विकलं जाई. बोली आल्यावर दहा मिनिटांत कुणी तिच्या वर बोली लावली नाही, की गठ्ठा त्याचा. नेहमीच्या दिवशी दहा मिनिटं भरपूर. रस्ता तुंबलेल्या दिवशी दहा मिनिटांत दुसरा माणूस आवारापर्यंतही पोचत नाही. आणि राखीव किंमत नव्हती. बोली कितीची असावी, याला तळच नव्हता.

हे एक-दोघांच्या लक्षात आलं. त्यांनी भरपूर गॅस दिला आणि गठ्ठ्यांवर शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळची बोली लावली. दहा मिनिटं गेली. दुसरं कुणी आलं नाही. गठ्ठा त्यांचा. मग पुढचा गठ्ठा. नंतर हिशोब जुळवला तेव्हा सुमारे ८३ लाख डॉलरचं ईथर शून्य डायला गेल्याचं दिसलं.

आपल्या तिजोरीचं काय झालं

आता मघाची तिजोरी पुन्हा घेऊ. भाव १४०, गठ्ठा ५० ईथरचा, म्हणजे ७,००० डॉलरचा माल. बोली शून्य.

मालकाला अकरा ईथर परत मिळायला हवे होते. मिळाले शून्य. त्याच्याकडे कर्जाचे ४,८५० डाय आहेत, पण तारणातला त्याचा स्वतःचा भाग, सात हजार वजा ४,८५०, म्हणजे २,१५० डॉलर, पूर्ण गेला. सहाशेतीसची तयारी होती, एकवीसशेपन्नास गेले. आणि ज्यांनी तारण जास्त ठेवलं होतं त्यांचं दुःख आणखी उलटं. तारण जितकं जास्त, तितकं जास्त गेलं. सावध माणसाला इथे सावधपणाचीच किंमत मोजावी लागली.

सावकाराचं काय? मेकरला ४,८५० डाय वसूल करायचे होते. आले शून्य. म्हणजे बाजारात फिरणाऱ्या त्या ४,८५० डायच्या मागे आता काहीच तारण नाही. अशा सगळ्या तिजोऱ्या मिळून पन्नास लाख डॉलरहून जास्त खड्डा पडला. तो भरायला मेकरने आपलं स्वतःचं एमकेआर नाणं नव्याने छापून लिलावात विकलं आणि मार्चअखेरपर्यंत सुमारे ५३ लाख डाय उभे केले. म्हणजे खड्डा भरला तो एमकेआर धारकांच्या हिश्श्यातून. डाय टिकलं.

तिजोरीवाल्यांना मात्र भरपाई मिळाली नाही. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला. पुढे त्याच वर्षी एमकेआर धारकांनी मत दिलं, आणि भरपाई न देण्याचा निर्णय झाला.

आता बेळगावच्या प्रश्नाकडे या. दीडपट तारण असून धोका कुठून आला? भाव उतरल्यामुळे फक्त तिजोरी लिलावात गेली. भाव १४० होता तेव्हा ७,००० डॉलरच्या मालात ४,८५० चं कर्ज आरामात बसत होतं. नुकसान झालं ते विक्रीत. कर्जाच्या वर ठेवलेलं तारण हे विक्रीला लागणाऱ्या वेळाची किंमत आहे. विक्री दहा मिनिटांत, चांगल्या भावात होणार असेल तर थोडी उशी पुरते. विक्रीच होत नसेल तर कितीही जाड उशी पुरत नाही.

त्यानंतर काय बदललं

लगेचच मेकरने लिलावाची मुदत दहा मिनिटांवरून सहा तासांवर नेली आणि गठ्ठा पन्नासचा पाचशे ईथरचा केला. गठ्ठे कमी, म्हणजे बोल्या कमी लागणार. मुदत जास्त, म्हणजे अडकलेल्या माणसाला पोचायला वेळ. काही दिवसांत यूएसडीसी हे डॉलरचं नाणंही तारण म्हणून स्वीकारायला सुरुवात केली, डायचा तुटवडा कमी व्हावा म्हणून.

मोठा बदल २०२१ मध्ये आला. लिलावाची दिशाच उलटी केली. पूर्वी बोली खालून वर चढायची. आता किंमत वरून सुरू होते आणि ठरावीक वेळाने खाली उतरते. ज्याला परवडेल तो पहिला हात वर करतो आणि सौदा तिथेच संपतो. यात शून्यापर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक पायरीवर सगळ्यांनी नकार द्यावा लागतो. शिवाय पैसे अडकून पडत नाहीत. खरेदीदार एकाच व्यवहारात तारण घेऊ शकतो, विकू शकतो आणि पैसे भरू शकतो, त्यामुळे खिशात आधीपासून डाय साठवून ठेवण्याची गरज उरत नाही.

आवेची पद्धत आणि हेल्थ फॅक्टर

आज तुम्ही कर्जाचा विचार करत असाल तर आवेसारख्या ठिकाणी जाण्याची शक्यता जास्त. तिथे लिलावच नाही. जो कुणी तुमच्या कर्जाचा भाग फेडेल त्याला तेवढ्या किमतीचं तुमचं तारण आणि वर ठरावीक बक्षीस मिळतं. पडद्यावर तुम्हाला एक आकडा दिसतो, हेल्थ फॅक्टर. तो असा निघतो :

```
हेल्थ फॅक्टर = तारणाची किंमत × उंबरठा ÷ कर्ज
```

तो एकाखाली गेला की कुणीही तुमचं तारण उचलू शकतं. उदाहरणासाठी उंबरठा ८० टक्के आणि बक्षीस ५ टक्के धरू. खरे आकडे प्रत्येक नाण्याला वेगळे असतात आणि बदलतात, ते पडद्यावर पाहून घ्या.

तारण १०,००० डॉलरचं, कर्ज ७,०००. हेल्थ फॅक्टर १.१४. तारण ८,७५० वर आलं की तो बरोबर एक होतो, म्हणजे साडेबारा टक्क्यांची घसरण पुरते. समजा ते ८,७०० वर आलं. कुणीतरी अर्धं कर्ज, ३,५०० डॉलर फेडतं आणि ३,६७५ डॉलरचं तारण घेऊन जातं. उरलं तारण ५,०२५, कर्ज ३,५००. हेल्थ फॅक्टर पुन्हा १.१५. तुमचे १७५ डॉलर गेले, पण खातं शिल्लक राहिलं. शून्याच्या बोलीला इथे जागाच नाही, कारण भाव आधीच ठरलेला आहे.

मग इथे धोका कुठे लपला? वेळेतच. तारण ८,७५० वर आल्यापासून ते ७,३५० वर जाईपर्यंत फेडणाऱ्याला फायदा आहे, कारण ७,००० च्या कर्जाला पाच टक्के बक्षीस धरून ७,३५० लागतात. त्याखाली गेलं तर बक्षीस द्यायला तारण पुरत नाही, कुणी पूर्ण कर्ज फेडायला पुढे येत नाही आणि खड्डा सावकारांच्या माथी. या दोन आकड्यांत सोळा टक्क्यांचं अंतर आहे. तेवढी घसरण होण्याआधी कुणीतरी पोचलं पाहिजे. शांत दिवशी सोळा टक्के म्हणजे आठवडे. १२ मार्चसारख्या दिवशी ते काही तासांचं काम.

आणि एक साखळी असते. उचललेलं तारण लोक लगेच बाजारात विकतात. त्याने भाव आणखी उतरतो. त्याने पुढच्या माणसाचा उंबरठा ओलांडला जातो. बहुतेकांचे उंबरठे आसपासच असतात, कारण सगळ्यांनी त्याच सुमाराच्या भावाला, तेवढाच धीर धरून कर्ज काढलेलं असतं. आवारात गाड्या एकदम येतात त्या अशा.

कर्ज काढायचंच असेल तर

ज्यांना हे करायचंच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

आधी उंबरठ्याचा भाव काढा आणि आजच्या भावापासून तो किती टक्के दूर आहे ते लिहून ठेवा. मग स्वतःला विचारा की एका दिवसात चाळीस टक्के पडलं तर मी कुठे असेन. मघाच्या तिजोरीत दुप्पटऐवजी तिप्पट तारण असतं तर उंबरठा ९७ डॉलरवर आला असता, म्हणजे त्या पहाटे अगदी काठावर. चौपट असतं तर ७३ वर, म्हणजे सुखरूप. म्हणजे हजार डॉलरच्या ईथरवर अडीचशेच कर्ज. एवढ्याने तुमचं काम भागत नसेल, तर ईथर विकणं जास्त प्रामाणिक पर्याय आहे.

दुसरं, तारण वाढवण्यापेक्षा कर्ज फेडण्याची तयारी ठेवा. कर्जाच्याच नाण्यातला काही भाग त्याच नेटवर्कवर, त्याच वॉलेटमध्ये ठेवा आणि सोबत गॅससाठी भरपूर ईथर ठेवा. बँकेतले रुपये त्या रात्री उपयोगाला येत नाहीत. आणि हालचाल करायची ती उंबरठा दिसायला लागल्यावर नाही. तो अजून दूर असतानाच करायची, रस्ता मोकळा असताना.

तिसरं, प्रोग्रॅम कोणता भाव पाहतो ते जाणून घ्या. तुमच्या मोबाइलवरचा भाव आणि प्रोग्रॅमचा भाव एक नसतो. प्रोग्रॅमला भाव पुरवणाऱ्या व्यवस्थेला ओरॅकल म्हणतात. मेकरमध्ये नवा भाव मुद्दाम एक तास उशिरा लागू होत असे, म्हणजे चुकीचा भाव आला तर थांबवायला वेळ मिळावा. तो तास मालकालाही इशारा होता. पुढचा भाव काय लागणार हे आधी पाहता येत होतं. पण तुंबलेल्या रस्त्यावर तासाभराचा इशारा किती उपयोगी पडतो, हे आपण पाहिलं.

चौथं, आपल्याकडचा कर. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या फायद्यावर तीस टक्के कर आहे आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या फायद्यातून वजा करता येत नाही. स्वस्तात घेतलेलं ईथर जबरदस्तीने विकलं गेलं, तर तुमच्या हातात काही न येता कागदावर फायदा दिसू शकतो. तारण उचललं जाणं हे करासाठी कसं धरायचं, हे कर्ज काढण्याआधी आपल्या सीएंना विचारून घ्या.

बेळगावच्या मित्रांना माझं उत्तर एवढंच. घराची आगाऊ रक्कम ही तारखेला बांधलेली गरज आहे. त्या तारखेला ईथरचा भाव काय असेल आणि बाजारात गिऱ्हाईक असेल का, या दोन्हींवर तुमचा ताबा नाही. घरासाठी लागणारे पैसे त्यावर टांगू नका. चौपट तारणात बसेल तेवढीच रक्कम हवी असेल, आणि ती बुडाली तरी घराचा व्यवहार मोडणार नसेल, तरच पुढे जा.

पुढच्या भागात डॉलरची नाणी एका डॉलरवर कशी टिकवतात आणि कधी घसरतात, ते पाहू. तोवर प्रश्न पाठवत राहा.